सगळे क्रम घेतले तर? फोरकास्ट आणि ट्रायकास्टचा हिशेब

५ एप्रिल २०२५ रोजी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल झाली. ३४ घोडे सुटले. निक रॉकेट पहिला, आय ॲम मॅक्सिमस दुसरा आणि ग्रेंजक्लेअर वेस्ट तिसरा आला. तिन्ही घोडे विली मलिन्स या एकाच आयरिश ट्रेनरचे होते आणि विजेत्या घोड्यावर त्यांचाच मुलगा पॅट्रिक बसला होता. पहिल्या आणि तिसऱ्या घोड्याचा भाव ३३-१ होता, म्हणजे बाजाराने या दोघांना फारसं मोजलेलं नव्हतं. असे निकाल लागले की रेस बघणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एक विचार येतो. कोणता घोडा येईल हे ओळखत बसण्यापेक्षा सगळेच क्रम घेऊन टाकले तर? एक तरी लागणारच.

लागणार हे खरं. पण त्यासाठी किती पैसे लागतात आणि लागल्यावर हातात किती येतात, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या गणितांतून मिळतात. पहिलं गणित मोजणीचं आहे. दहावीपर्यंतचा गुणाकार येत असेल तर ते कुणालाही जमतं. दुसरं शक्यतेचं आहे, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच जातात.

आधी या पैजा नीट समजून घेऊ. ब्रिटनमध्ये फोरकास्ट म्हणजे पहिला आणि दुसरा घोडा अचूक क्रमाने सांगणं. ट्रायकास्ट म्हणजे पहिले तीन अचूक क्रमाने सांगणं. बुकीकडची ट्रायकास्ट ही हँडिकॅप शर्यतींची पैज आहे. अशा शर्यतीत चांगल्या घोड्यांच्या पाठीवर जास्त वजन ठेवून सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न केलेला असतो, आणि ट्रायकास्ट घेण्यासाठी घोड्यांची ठरावीक किमान संख्याही लागते. ग्रँड नॅशनल ही हँडिकॅपच आहे.

दोन्ही पैजांचा भाव आधी ठरलेला नसतो. शर्यत सुटताना प्रत्येक घोड्याचा जो अखेरचा भाव असतो, त्यावरून संगणक एका सूत्राने रक्कम काढतो आणि निकालानंतर ती जाहीर होते. म्हणूनच तिथे याला कॉम्प्युटर फोरकास्ट म्हणतात. पैसे लावताना आपल्याला नेमकं काय मिळेल हे माहीत नसतं, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

आता मोजणी. आठ घोड्यांची शर्यत घ्या. पहिल्या जागेवर आठांपैकी कोणीही येऊ शकतो. तो आला की दुसऱ्या जागेसाठी सात उरतात. म्हणून फोरकास्टचे एकूण क्रम ८ × ७ = ५६. तिसऱ्या जागेसाठी सहा उरतात, म्हणून ट्रायकास्टचे क्रम ८ × ७ × ६ = ३३६. एवढंच सूत्र आहे. घोड्यांची संख्या घ्यायची, दर जागेला एकाने कमी करत जायचं आणि गुणाकार करायचा.

ग्रँड नॅशनलच्या ३४ घोड्यांना हेच लावलं तर फोरकास्टचे ३४ × ३३ = १,१२२ क्रम होतात. ट्रायकास्टचे होतात ३४ × ३३ × ३२ = ३५,९०४. प्रत्येक क्रमावर एक पौंड लावायचा म्हटलं तर जवळजवळ ३६ हजार पौंड. दहा-दहा पेन्स लावले तरी ३,५९० पौंड आणि ४० पेन्स. २०२४ पासून या शर्यतीत जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात, त्याआधी ही मर्यादा ४० होती. ४० घोडे असताना ट्रायकास्टचे क्रम ५९,२८० होत. सहा घोडे कमी झाले आणि २३ हजारांहून जास्त क्रम गळाले. घोड्यांची संख्या दुप्पट झाली की फोरकास्टचे क्रम चौपटीहून थोडे जास्त आणि ट्रायकास्टचे आठपटीहून जास्त होतात.

सगळी शर्यत झाकणारे लोक थोडे. रोजच्या व्यवहारात लोक चार-पाच घोडे निवडतात आणि त्यांचेच सगळे क्रम घेतात. तिथे याला कॉम्बिनेशन म्हणतात आणि प्रत्येक क्रमाला लाइन म्हणतात. दोन घोडे उलटसुलट घेतले तर दोन लाइन होतात, त्याला रिव्हर्स फोरकास्ट म्हणतात. तीन घोड्यांच्या कॉम्बिनेशन फोरकास्टच्या सहा लाइन, चार घोड्यांच्या बारा, पाचांच्या वीस. ट्रायकास्टमध्ये तीन घोड्यांच्या सहा, चारांच्या चोवीस, पाचांच्या साठ आणि सहा घोड्यांच्या थेट १२०. एक घोडा वाढवताना मनात येतं, ‘आणखी एकच तर आहे.’ पाचावर सहावा घेतला की खर्च दुप्पट झालेला असतो.

इथेच नवख्याची पहिली फसगत होते. चिठ्ठीवर ‘एक पौंड’ लिहिलं की तो एक पौंड दर लाइनचा असतो. चार घोड्यांच्या कॉम्बिनेशन ट्रायकास्टवर एक पौंड लिहिला तर खिशातून चोवीस पौंड जातात. रिव्हर्स फोरकास्टवर पाच लिहिले तर दहा जातात. मोबाइलवरच्या चिठ्ठीत दर लाइनची रक्कम आणि एकूण रक्कम वेगवेगळी दाखवलेली असते. नजर एकूण रकमेवर ठेवावी, कारण हिशेब तिच्याशी करायचा आहे.

सगळ्या घोड्यांना सगळ्या जागा देण्याची गरज नसते. एखादा घोडा जिंकणारच असं वाटत असेल तर त्याला पहिल्या जागेवर पक्का करतात, त्याला बँकर म्हणतात. त्याच्याबरोबर आणखी चार घोडे दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी घेतले तर लाइन होतात ४ × ३ = १२. पण हाच बँकर पहिल्या तीनांत कुठेही येईल असं म्हटलं तर त्या बाराच्या तिप्पट, म्हणजे ३६ लाइन लागतात.

जागेनुसार यादी वाढवत नेणं त्याहून शहाणपणाचं. समजा पहिल्या जागेसाठी अ आणि ब हे दोनच घेतले. दुसऱ्या जागेसाठी अ, ब, क, ड असे चार, आणि तिसऱ्यासाठी अ, ब, क, ड, ई, फ असे सहा. पहिल्या जागेला पर्याय दोन. पहिला आलेला घोडा दुसऱ्या यादीतही आहे, म्हणून तिथे चारांतले तीन उरतात. आलेले दोन्ही तिसऱ्या यादीत आहेत, म्हणून सहातले चार उरतात. २ × ३ × ४ = २४ लाइन. चार घोड्यांच्या सरसकट कॉम्बिनेशनलाही चोवीसच लागतात. खर्च तोच, पण या मांडणीत ड पहिला येण्यासारख्या आपल्यालाच न पटणाऱ्या क्रमांवरचे पैसे वाचतात आणि ते सहाव्या घोड्यापर्यंत पोचतात. माझ्या मते मोजणीचा खरा उपयोग हा आहे. आपलं मत आहे तसं लाइनमध्ये उतरवता येतं.

मात्र हा सोपा गुणाकार तेव्हाच बरोबर येतो, जेव्हा आधीच्या जागेची यादी पुढच्या यादीत पूर्णपणे सामावलेली असते. पहिल्या जागेसाठी अ, ब आणि दुसऱ्यासाठी अ, क, ड घेतले तर नुसता गुणाकार सहा देतो. पण त्यात ‘अ पहिला आणि अ दुसरा’ हा अशक्य क्रमही मोजला गेला. तो वगळला की पाच उरतात. अशा तिरक्या यादीत सूत्राच्या मागे न लागता कागदावर क्रम लिहून काढावेत. पाच-सहा घोड्यांपर्यंत दोन मिनिटांचं काम आहे.

मोजणी झाली. आता दुसरं गणित.

आठ घोड्यांच्या शर्यतीत फोरकास्टचे ५६ क्रम आहेत. प्रत्येकावर एक पौंड लावला, ५६ पौंड गेले. एक लाइन नक्की लागणार. प्रश्न असा की ती लागल्यावर ५६ पेक्षा जास्त येतील का. यासाठी प्रत्येक क्रमाची शक्यता काढावी लागते. डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली त्याची एक साधी पद्धत मांडली. एखादा घोडा पहिला आला की त्याला बाजूला काढायचं आणि उरलेल्यांतून कोण जिंकेल हे त्यांच्या मूळ शक्यतांच्या प्रमाणात बघायचं. म्हणजे अ जिंकण्याची शक्यता ३० टक्के आणि ब ची २० टक्के असेल, तर अ गेल्यावर उरलेल्या ७० टक्क्यांत ब चा वाटा २०. दोन्हींचा गुणाकार केला की ‘अ पहिला, ब दुसरा’ याची शक्यता सुमारे ८.६ टक्के येते. म्हणजे अशा साधारण पावणेबारा शर्यतींत एकदा.

ही पद्धत अगदी काटेकोर नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की तिच्यामुळे फेवरिट घोड्यांची दुसऱ्या-तिसऱ्या जागेची शक्यता प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त दिसते. पण आपल्या हिशेबाला ती पुरेशी आहे.

आता आपल्या आठ घोड्यांना शक्यता देऊ. अ ३० टक्के, ब २०, क १५, ड १२, ई ९, फ ७, ग ४ आणि ह ३. बेरीज शंभर. क्षणभर असं धरू की पैसे देणारा एक पैसाही कापत नाही आणि पावणेबारात एकदा येणाऱ्या क्रमाला पावणेबारा पौंड देतो. अ-ब असा निकाल लागला तर हातात ११ पौंड ६७ पेन्स येतात. लावले ५६. तोटा ४४ पौंडांचा. दुसऱ्या टोकाला ह पहिला आणि ग दुसरा आला तर शक्यता सुमारे ८०८ मध्ये एक, म्हणून ८०८ पौंड येतात. तेव्हा चंगळ.

मधले क्रम कुठे पडतात ते बघण्यासाठी मी ५६ च्या ५६ क्रमांच्या शक्यता काढल्या. त्यांपैकी १८ क्रमांत ५६ पौंडांपेक्षा कमी रक्कम येते, ३८ क्रमांत जास्त. ३८ विरुद्ध १८ हे ऐकायला छान वाटतं. पण ते १८ क्रम म्हणजे बहुतांशी अ, ब, क, ड या पुढच्या घोड्यांची सरमिसळ. त्यांच्या शक्यतांची बेरीज ७० टक्के होते. दहातल्या सात शर्यतींत हा माणूस लाइन लागूनही तोट्यात जातो. उरलेल्या तीनांत मोठी रक्कम येऊन सरासरी बरोबर शून्यावर येते, तेही पैसे देणारा काहीच कापत नाही असं धरल्यावर.

प्रत्यक्षात तो कापतो. त्याशिवाय त्याचा धंदाच चालणार नाही. समजा फोरकास्टवर त्याने २० टक्के कापले. मग ५६ पौंडांवर सरासरी ४४ पौंड ८० पेन्स परत येतात आणि दर शर्यतीला सरासरी ११ पौंड २० पेन्स जातात. तोट्यात नेणारे क्रम १८ वरून २३ होतात आणि त्यांची एकत्र शक्यता ७० वरून जवळजवळ ७९ टक्क्यांवर जाते. लाइन दरवेळी लागते आहे. तरीही पाचातल्या चार वेळा खिसा हलका होतो.

कोणी म्हणेल, सगळे कशाला, पुढचे चार घोडेच घेऊ. अ, ब, क, ड यांच्या कॉम्बिनेशन फोरकास्टला बारा पौंड लागतात. पहिले दोन घोडे या चारांतलेच असण्याची शक्यता ५४ टक्के, म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा चिठ्ठी लागते. हे आकर्षक दिसतं. पण २० टक्के कापल्यावर अ-ब ला ९ पौंड ३३ पेन्स आणि ब-अ ला १० पौंड ६७ पेन्स मिळतात. दोन्ही बारापेक्षा कमी. आणि हेच दोन निकाल सगळ्यांत जास्त वेळा लागतात, मिळून १६ टक्के. अ-क ला १२ पौंड ४४ पेन्स येतात, म्हणजे कसेबसे पैसे सुटतात. बारा पौंडांवर सरासरी परतावा ९ पौंड ६० पेन्स. रक्कम लहान झाली, टक्का तोच राहिला. लाइन कमी केल्याने पैजेचा भाव सुधारत नाही, फक्त डावावर लागलेली रक्कम कमी होते.

ट्रायकास्टमध्ये ही दरी आणखी रुंद होते. याच आठ घोड्यांत अ-ब-क असा क्रम येण्याची शक्यता सुमारे ३९ मध्ये एक. ३३६ लाइनना ३३६ पौंड घातलेल्याला त्या दिवशी, काहीही न कापता, ३९ पौंड मिळतील.

इथे एन्ट्रीच्या शर्यतीकडे याच दृष्टीने बघण्यासारखं आहे, कारण तिथे ३३-१ चे दोन घोडे पहिल्या तीनांत आले. सगळी शर्यत झाकणाऱ्याला हवा असतो तसाच निकाल. ३३-१ म्हणजे भावानुसार ३४ मध्ये एक, ७-१ म्हणजे आठात एक. हार्व्हिलच्या पद्धतीने पहिल्या जागेला ३४ मध्ये एक, दुसऱ्याला साधारण ७.८ मध्ये एक, तिसऱ्याला २८.७ मध्ये एक. गुणाकार सुमारे ७,६००. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, जाहीर झालेली रक्कम नव्हे. पण अंदाज येण्यापुरता तो बरा आहे. भावांत बुकीचा नफा आधीच मिसळलेला असल्यामुळे आकडा खऱ्या शक्यतेपेक्षा लहान येतो, आणि रक्कम ठरवताना भावच धरले जातात. या हिशेबाने ३५,९०४ पौंड लावणाऱ्याला एका मोठ्या धक्कादायक निकालावर साडेसात हजारांच्या आसपास मिळाले असते आणि २८ हजार गेले असते. पैसे सुटायला तिन्ही जागांवर लांबच्या भावाचे घोडे यावे लागतात, आणि तसं फार क्वचित होतं.

सगळ्या क्रमांवर सारखेच पैसे लावले म्हणून असं झालं, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. शक्यतेच्या प्रमाणात पैसे लावले, म्हणजे अ-ब वर जास्त आणि ह-ग वर अगदी थोडे, तर कोणताही निकाल लागो, हातात येणारी रक्कम सारखीच राहते. ब्रिटनमध्ये याला डचिंग म्हणतात. आपल्या उदाहरणात ५६ पौंड अशा रीतीने वाटले आणि २० टक्के कापले गेले, तर प्रत्येक निकालावर ४४ पौंड ८० पेन्स येतील. चढउतार संपला, नशिबाचा भाग संपला आणि ११ पौंड २० पेन्सचा तोटा पक्का झाला. सगळी शर्यत झाकणं नेमकं काय करतं हे या मांडणीत स्वच्छ दिसतं. झाकलेला भाग जितका मोठा, तितका कापणाऱ्याचा टक्का जास्त रकमेवर लागतो.

मग सगळे किंवा पुष्कळ क्रम घेणं कधीच फायद्याचं नसतं का? एक अपवाद आहे. टोटच्या पद्धतीत लोकांनी लावलेले पैसे एकत्र जमतात, ठरावीक टक्का कापून उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. कोणीच जिंकलं नाही तर काही पैजांत ती रक्कम पुढच्या दिवसात मिसळते. अशा साठलेल्या रकमेत त्या दिवशीच्या पैशांपेक्षा जास्त पैसे असू शकतात. हाँगकाँगच्या ट्रिपल ट्रायो या पैजेत असंच होतं. तीन शर्यतींतले पहिले तीन-तीन घोडे कोणत्याही क्रमाने सांगायचे. प्रत्येक शर्यतीत बारा घोडे धरले तर क्रम न बघता एका शर्यतीचे २२० गट होतात आणि तिन्ही शर्यतींचे मिळून एक कोटी सहा लाखांहून जास्त.

नोव्हेंबर २००१ मध्ये ही साठलेली रक्कम दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली होती. बिल बेंटर या अमेरिकन गणिती जुगाऱ्याने तेव्हा सुमारे ५१ हजार लाइन घेतल्या आणि तो जिंकला. बक्षीस त्याने नेलंच नाही, ते जॉकी क्लबच्या धर्मादाय कामाला गेलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की रक्कम साठलेली असूनही त्याने सगळे क्रम झाकायचा प्रयत्न केला नाही. कोट्यवधींतले ५१ हजार त्याने वर्षानुवर्षं घडवलेल्या शक्यतेच्या प्रारूपावरून निवडले. त्याचं भांडवल होतं ते प्रत्येक घोड्याच्या शक्यतेचा बाजारापेक्षा बरा अंदाज. लाइनची संख्या त्यातून निघाली.

लाइन मोजून पैसे लावल्यावरही हिशेब बदलू शकतो. ऐन वेळी एखादा घोडा निघाला, ज्याला नॉन-रनर म्हणतात, तर आठाचे सात होतात. फोरकास्टच्या ५६ पैकी १४ लाइन आणि ट्रायकास्टच्या ३३६ पैकी १२६ लाइन त्या घोड्याच्या असतात. त्यांचं काय होतं हे कंपनीच्या नियमांवर अवलंबून आहे. कुठे पैसे परत येतात, कुठे त्या लाइन उरलेल्या घोड्यांवरच्या लहान पैजेत बदलतात. तीन घोड्यांची ट्रायकास्ट दोघांची फोरकास्ट होते, आणि चिठ्ठी घेणाऱ्याला ते निकालानंतर कळतं. घोडे कमी झाल्यामुळे उरलेल्या लाइनवर मिळणारी रक्कमही खाली येते. म्हणून घोडा निघाल्याची सूचना आली की हिशेब पुन्हा करावा.

आपल्याकडे महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या खिडकीवर फोरकास्ट मिळते. पहिले दोन घोडे कोणत्याही क्रमाने सांगण्याच्या पैजेला इथे क्विनेला म्हणतात आणि पहिले तीन क्रमाने सांगण्याच्या पैजेला टानाला. मोजणी तीच आहे. बारा घोड्यांच्या शर्यतीत फोरकास्टचे १३२ क्रम, क्विनेलाचे त्याच्या निम्मे म्हणजे ६६ आणि टानालाचे १,३२०. रक्कम मात्र सूत्रातून निघत नाही, ती जमलेल्या पैशांतून निघते. क्लबचा वाटा आधी जातो. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. तो आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. वरच्या उदाहरणात मी २० टक्के कपात धरली होती. आपल्याकडे करासह हिशेब केला तर तो आकडा सौम्यच म्हणावा लागेल.

आणखी एक फरक आहे. टोटमध्ये आपणच सगळे क्रम घेतले की त्या रकमेतला मोठा हिस्सा आपलाच असतो. ५६ क्रमांवर शंभर-शंभर रुपये लावणारा ५,६०० रुपये जमेत टाकतो, त्यातला ठरावीक भाग कापला जातो, आणि उरलेल्यातून त्याला त्याचेच काही पैसे परत मिळतात. पैसे लावणारे कमी असतील, तर इतरांचे पैसे त्याच्याकडे येण्याची शक्यताही तेवढीच कमी.

म्हणून चिठ्ठी भरण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा. पहिला, सगळ्या लाइनची मिळून एकूण रक्कम. दुसरा, फेवरिट पहिला आणि त्याच्या खालोखालचा घोडा दुसरा आला तर अंदाजे हातात येणारी रक्कम. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान निघाला, तर लाइन कमी करा किंवा ती शर्यत पैसे न लावता बघा.